तेराव्याआधीचा मेल

कुरकुंभच्या रसायन कारखान्यातून गिऱ्हाइकांना पाठपुराव्याचे मेल आपोआप जात. गिऱ्हाइकाचं उत्तर किंवा ‘रजेवर आहे’ असा आपोआप निरोप आला की पुढचे मेल थांबावेत, अशी सोय ऑफिसातल्या स्नेहलनं केली होती. पण मालक विक्रमरावांची अक्कल थोर! “रजेचा निरोप म्हंजी उत्तर न्हाई. सुट्टीत माणूस मोकळाच असतोय. जाऊ दे मेल!”

स्नेहलनं रजेचा नियम काढून टाकला.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शितोळेसाहेब. त्यांचा रजेचा आपोआप निरोप आला, ‘वडील वारले. तेराव्यानंतर भेटू.’ दुसऱ्या दिवशी कारखान्याचा मेल गेला, ‘गप्प का? सगळं मजेत ना?’

साहेबांनी स्वतः उत्तर लिहिलं.

“बघ, आलं का न्हाई उत्तर!” विक्रमराव हरखले.

स्नेहलनं वाचून दाखवलं, “पुन्हा लिहू नका.”

उत्तर आल्यामुळं मेल आपोआप थांबले. ऑर्डरीही.