मोहिनीची चोवीस खाचांची मोटार

पुढच्या सोमवारपासून मोहिनीनं अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात केसपेपर लिहायला बसायचं, हे तिच्या बापानं, गहिनीनाथनं पक्कं केलं होतं. सावलीतली नोकरी. पण ते ऐकल्यापासून पोरीचं जेवणावरचं मन उडालं होतं.

मोहिनीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचता-लिहिताना अक्षरांचा गोंधळ व्हायचा. नववीत तपासणी झाली, बारावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळाला, ती पास झाली. आता मिटलं, असं बापाला वाटलं. कॉलेजातल्या समुपदेशक वर्षाराणी मॅडमना तसं वाटलं नाही.

"समोर रांग, फोन वाजतोय, त्यात भरभर लिहायचं. तिला जे सगळ्यात जड जातं, तेच दिवसभर," त्या म्हणाल्या. "घरी कुणी न सांगता ती आपणहून काय करते?"

"मिक्सर उसकटती. पंखा उसकटती." गहिनीनाथ हसला. "पुन्हा लावती बी, म्हना. पर मिक्सर आजून टोपल्यातच हाय."

"मग आठवडाभर तेच करून बघू. नाही जमलं तर दवाखाना आहेच."

नांदूरघाटात बद्रीनाथचं मोटारी भरायचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं दुकान होतं. मॅडमनी त्याला फोनवर बजावलं, काम तोंडी सांगा, करून दाखवा, एका वेळी एकच मोटार द्या. तरी पहिल्याच दिवशी मोहिनीनं दोन मोटारींच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

"गहिनीनाथ, तुही पोरगी माझं गिऱ्हाईक तोडती बे!" बद्रीनाथ फोनवर ओरडला. मग डोकं खाजवून तिला म्हणाला, "चिठ्ठी सोड. मोटारीसंगं मालकाचा फोटो काढत जा."

जळालेली मोटार उसकटताना जुनी तार कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेलीय, वेढे किती, हे बद्रीनाथ वहीत टिपायचा. शुक्रवारी गिऱ्हाईक डोक्यावर उभं. त्यानं घाईत तारा कापल्या, भंगारात टाकल्या, आणि दुपारी भंगारवाला घेऊन गेला. वहीत त्या मोटारीचं पान कोरं, आता नवी तार भरायची कशी? बद्रीनाथ मटकन खाली बसला.

मोहिनीनं आपला कागद पुढं केला. त्याची वही तिला वाचता येत नव्हती, म्हणून ती पहिल्या दिवसापासून प्रत्येक मोटारीचं चित्र काढायची. गोल, त्यावर चोवीस खाचा, तीन रंगांत तारा. शेजारी वेढे कळावेत म्हणून कापलेली टोकं मोजून ओढलेल्या रेघा, पाच-पाचाच्या जुड्या.

त्या कागदावरून दोघांनी मोटार भरली. शनिवारी गहिनीनाथ पोरीला न्यायला आला, तेव्हा बद्रीनाथ चालू मोटारीच्या एकेका तारेभोवती मीटरचा चिमटा धरत होता.

"बघ. तिन्ही फेजला करंट सारखा, म्हंजी मोटार बराबर भरली. लई मोठे उपकार झाले तुह्या पोरीचे. सोमवारी कुठं धाडतो हिला?"

गहिनीनाथनं तिथूनच दवाखान्यात फोन केला, नम्रपणे नाही म्हणाला. मग मॅडमना लावला. कागदाची, मोटारीची सगळी हकीकत सांगितली.

"आता आयटीआयला वायरमनचा अर्ज भरू," मॅडम म्हणाल्या. "डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र जपून ठेवा. परीक्षेच्या सवलतीसाठी तिथंही लागेल."

घरी मोहिनीनं दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली. भाकरी वाढत गहिनीनाथ म्हणाला, "वायरमनबाई, तेवढा मिक्सर लावा आता. तुमची माय आठ दिस झालं पाट्यावर चटणी वाटायली."