मेव्हण्याला दिलेलं भिंग

घड्याळजींच्या मेंदूत गाठबीठ काहीच नाही, हे तपासणीत दिसलं होतं. त्यांना पटलं नव्हतं. घाबरले की नजर धूसर व्हायची, कानात शिट्टी वाजायची, डोकं आवळायचं. आता आपण काही जगत नाही म्हणून घड्याळं दुरुस्त करायचं भिंग त्यांनी मेव्हण्याला देऊनही टाकलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जरा वेळ जोरजोरात श्वास घ्या."

घेतले. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता धूसर झाला, शिट्टी वाजली, डोकं आवळलं.

"हेच ते!" घड्याळजी किंचाळले.

"घाबरलात की असेच धापा टाकता. त्यानं मेंदूकडचं रक्त थोडं कमी होतं. आता सावकाश सोडा."

हळूहळू अक्षरं जागेवर आली. शिट्टी थांबली.

"म्हणजे मी जगणार?"

"चांगलेच."

"मग भिंग परत मागतो."

"माझा भाऊ आहे तो," शेजारी बसलेली बायको हसत म्हणाली. "देईल असं वाटत नाही."