अस्पष्ट शिक्का

शारजातल्या त्या भाषांतर कचेरीत वीस वर्षं रागिबचा शब्द शेवटचा होता. मग जॉर्डनहून लुबना आली आणि आठ महिन्यांत गिऱ्हाइकं दारातूनच विचारू लागली, "लुबनाबाई आहेत का?" तेव्हापासून रागिबच्या पोटात दुखू लागलं, आणि त्यावर औषध नव्हतं.

गुरुवारी थंकच्चन मोबाईल घेऊन आला. कॅफेटेरियात त्याची आणि भावाची निम्मी-निम्मी भागी. भाऊ केरळात परतलेला. त्याने शंभराच्या स्टॅम्प पेपरवर मुखत्यारपत्र करून त्याचे फोटो पाठवले होते. अस्सल कागद सोमवारी सकाळी कुरियरने येणार होता. त्याच दिवशी भावाच्या वतीने इथल्या नोटरीपुढे सही झाली नाही, तर कॅफेटेरिया विकत घेणारा मागे फिरणार होता.

लुबनाने अरबी मसुदा केला. स्टॅम्प पेपरचा क्रमांक, तो विकणाऱ्याचं नाव, मागच्या बाजूची वकिलातीची मोहोर, सगळं जागच्या जागी. केरळच्या नोटरीच्या गोल शिक्क्यापुढे मात्र तिने कंसात लिहिलं: नोंदणी क्रमांक अस्पष्ट, अस्सल पाहून भरावा.

मालक हाजी इद्रिस म्हणाले, "शाबास. दिसत नाही तिथं दिसत नाही म्हणते, पोरगी पक्की आहे."

शाबासकी! रागिबला ती इतक्या वर्षांत कधी मिळाली होती ते त्यालाही आठवेना.

"अस्पष्ट लिहायला माणूस कशाला ठेवायचा, हाजी?" तो म्हणाला. "आणा इकडे तो फोटो."

त्याने शिक्का मोठा करून पाहिला. चार, शून्य, मग तीन की आठ, शेवटी सहा. आठच, त्याने ठरवलं. "मी स्वतः हजर असतो तर जे जे केलं असतं ते ते" हे वाक्यही त्याने आपल्या ठेवणीतल्या अरबीत घातलं, खाली आपला भाषांतरकाराचा शिक्का उठवला आणि थंकच्चनला म्हणाला, "कागद आला की थेट नोटरीकडे जा. इकडे हेलपाटा नको."

"उस्ताद, अस्सल बघायच्या आधी शिक्का?" लुबनाने विचारलं.

"तू तुझं बघ, बाई."

सोमवारी अकराला थंकच्चन परत आला, चेहरा उतरलेला. "कागदावर चार हजार छत्तीस आहे, भाषांतरात चार हजार शहाऐंशी. नोटरी म्हणतात, हे या कागदाचं भाषांतरच नव्हे. एकपर्यंत थांबतायत."

"कुणाचं काम हे?" हाजींनी विचारलं.

"मसुदा लुबनाचा," रागिब बोलून गेला.

हाजींनी शेवटचं पान उलटलं. तिथे शिक्का कुणाचा होता, ते सगळ्यांना दिसत होतं. रागिबला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

लुबनाने अस्सल कागद पुढे ओढला, ओळीवर बोट ठेवून सगळं ताडून पाहिलं, क्रमांक भरला आणि नवी प्रत काढून खाली आपला शिक्का उठवला. रागिबने ती मागून घेतली. एक चूक, एकच सापडावी म्हणून त्याने दोनदा वाचली. सापडली नाही.

"ते 'स्वतः हजर असतो तर'चं वाक्य तुमचंच ठेवलंय, उस्ताद," ती म्हणाली. "मला इतकं नेमकं जमलं नसतं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती खरंच मनापासून बोलत होती, तेच त्याला सोसवेना. थंकच्चन कागद घेऊन पळाला. रागिबचं सगळ्यात चांगलं वाक्य लुबनाच्या शिक्क्याखाली दाराबाहेर गेलं.