आकृती ३.३ मधला उत्तरेचा बाण

आमच्या विभागातले विद्यार्थी गाईडला व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल टाकतात आणि खाली जोडलेले दोन हात पाठवतात. मी ती उघडत नाही. तळहाताएवढ्या पडद्यावर आकृत्या तपासायच्या म्हणजे चाळणीनं पाणी भरायचं, हे मी दर वर्षी बजावते आणि दर वर्षी कुणी मनावर घेत नाही. धम्मानंदनं घेतलं. जूनच्या पहिल्या सोमवारी परभणीच्या आमच्या कृषी महाविद्यालयात मी आले तेव्हा टेबलावर त्याचं हातानं लिहिलेलं पत्र होतं, चार आकृत्यांचे प्रिंट आणि शेताचा एक फोटो.

धम्मानंद सोनपेठचा, माझ्या हाताखाली एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. बोलणं इतकं कमी की तोंडी परीक्षेत याचं कसं व्हायचं, ही मला काळजी. पत्रात मात्र मोकळा झाला होता.

"आदरणीय मॅडम,

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातल्या आकृत्या आपण एकदा तपासून द्याव्यात, ही विनंती. आपला वेळ वाचावा म्हणून कुठे काय पाहायचं ते लिहितो.

आकृती ३.१, प्रक्षेत्राचा नकाशा. अंतराची मोजपट्टी राहिली होती, ती घातली आहे.

आकृती ३.२, आठवडावार हवामान. पाऊस डाव्या बाजूला मिलिमीटरमध्ये, तापमान उजव्या बाजूला अंश सेल्सिअसमध्ये. झेरॉक्समध्ये कमाल आणि किमान तापमानाच्या रेघा सारख्याच दिसायच्या, म्हणून एक तुटक केली.

आकृती ३.३, प्रयोगाची मांडणी. उत्तरेचा बाण बरोबर आहे ना, हे सोबतच्या फोटोशी ताडून पाहावं.

आकृती ३.४, एका प्लॉटचा तपशील. कडेच्या ज्या ओळी उत्पादनात धरल्या नाहीत, त्या वेगळ्या दाखवल्या आहेत.

प्रबंध सोळा तारखेला द्यायचा आहे. तरी तिसरी आकृती सावकाश पाहावी.

आपला विद्यार्थी,
धम्मानंद"

मला हसू आलं. बाण बरोबर आहे का, हे कुणी गाईडला विचारतं? पण बाकीच्या तीन आकृत्या बघताना हसू गेलं आणि कौतुक आलं. वीस वर्षांत झेरॉक्सचा विचार करून रेघ तुटक काढणारा विद्यार्थी मी पाहिला नव्हता. तिन्हींवर टिक केली. राहिलेल्या ३.३ वर सुद्धा करणार होते, कारण बाण बरोबरच होता.

मग फोटो घेतला. कोरडवाहू ज्वारीला वेगवेगळी खतं देऊन बघायचा आमचा प्रयोग. शेतात तीन पट्टे, प्रत्येक पट्ट्यात सात प्लॉट. कुठल्या प्लॉटला कुठलं खत, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. प्रत्येक पट्ट्यात एक प्लॉट बिनखताचा, आणि पंचेचाळीस दिवसांनी तो दुरूनही ओळखू येतो, बुटका आणि पिवळा. तेव्हा पंपघराच्या गच्चीवरून काढलेल्या या फोटोत पहिल्या दोन पट्ट्यांतले पिवळे तुकडे आकृतीप्रमाणेच होते. तिसऱ्या पट्ट्यात आकृती म्हणत होती, बिनखताचा प्लॉट पंपघराकडच्या टोकाला. फोटोत तो दुसऱ्या, बाभळीकडच्या टोकाला होता.

अख्खा पट्टा उलटा झाला होता. मधला एक प्लॉट सोडला तर बाकी सहांवरच्या पाट्या चुकीच्या, म्हणजे त्यांचं उत्पादनही चुकीच्या खतांच्या नावावर. निष्कर्ष धूसर का येतात, हे त्यानं मार्चमध्ये मला विचारलं होतं. "शेत आहे ते, प्रयोगशाळा नाही," असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं होतं.

मला संताप आला. जुलैत पीएच.डी.च्या प्रवेशाला त्याला ही पदवी हातात हवी होती, आणि या पोरानं पाट्या उलट्या रोवल्या! तशीच स्कूटी काढून फार्मवर गेले. तिथं सरजाबाई भेटली. गेली पंधरा वर्षं आमच्या प्रयोगांना खत हीच देते.

"सरजाबाई, ज्वारीला खत दिलं त्या दिवशी धम्मानंद कुठून वाचत होता?"

"त्यो कुठला वाचतोय," ती म्हणाली. "त्यो तर खत मोजून पिशव्या भरायला होता. कागद तुमच्या हातात होता, बाई. दोन पट्टे तुमी पंपघराकडून वाचले. मंग ऊन लय झालं, तर तुमी बाभळीखाली जाऊन हुब्या राहिल्या. तिथूनच म्हणल्या, पैला प्लॉट घ्या. आमी तिकडूनच सुरू केलं."

खत पेरणीच्या वेळी एकदाच द्यायचं असतं. पाट्या त्यानं दुसऱ्या दिवशी रोवल्या, कागदाबरहुकूम, पंपघराकडून. त्याची काही चूक नव्हती. मला सावली हवी होती, एवढीच गोष्ट.

परत येऊन मी त्याला बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"तुला कधी कळलं?"

"आकृती काढताना, मॅडम. फोटो शेजारी ठेवला होता. तीन दिवस झाले."

"मग सरळ लिहायचं ना. बाण कशाला मध्ये आणलास?"

"सरळ कसं लिहावं, मॅडम? तुमी गाईड."

"आकडे उलटवून बघितलेस?"

"बघितले. निष्कर्ष एकदम स्वच्छ येतेत. पण ते प्रबंधात टाकले न्हाईत. निष्कर्ष चांगले येतेत म्हणून उलटवले, असं होऊ नये. आधी तुमच्या डोळ्याला फोटोत दिसलं पाहिजे, असं वाटलं."

दुसरा कुणी असता तर त्यानं एका संध्याकाळी सगळे आकडे गुपचूप फिरवले असते, आणि मला पत्ताही लागला नसता. हा मात्र वेळेवर मिळणारी पदवी पणाला लावून, मला दुखवू नये म्हणून उत्तरेचा बाण पुढे करत होता. मला त्याचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम.

दोन दिवसांनी सल्लागार समितीची बैठक झाली. फोटो, त्यावरची तारीख, सरजाबाईचा जबाब, मूळ कागद, सगळं समितीपुढे ठेवलं. सदस्यांनी तासभर आम्हाला पिळलं आणि शेवटी दुरुस्ती मान्य केली, एका अटीवर. काय घडलं ते तिसऱ्या प्रकरणात, आकृतीच्या खाली, उघड लिहायचं.

चौदा तारखेला धम्मानंद नवी आकृती घेऊन आला. तिसरा पट्टा आता शेतात होता तसा. खाली त्याची टीप होती: तिसऱ्या पट्ट्यात खतं मूळ आराखड्याच्या उलट क्रमानं दिली गेली, संशोधक विद्यार्थ्याच्या नजरचुकीमुळे असे झाले.

मी लाल पेन उचललं. "हे काय आहे?"

"असंच लिहितेत, मॅडम. गाईडचं नाव कुणी घालत न्हाई. तुमचं प्रमोशन हाय पुढच्या महिन्यात."

"धम्मानंद, आकृत्या तपासायला मला कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"मग आता तपासू दे."

'संशोधक विद्यार्थ्याच्या' हे शब्द मी खोडले, वर 'मार्गदर्शक प्राध्यापिकेच्या' असं लिहिलं, खाली सही केली आणि प्रिंट काढून आणायला सांगितलं.