निष्कर्ष विद्यार्थ्यांनी काढला

बेबी इंगोलेचा निबंध जगदेव सरांनी सगळ्या वर्गापुढे वाचून दाखवला, तेव्हा तिला वाटलं की आपण मास्तरीण झालोच. हे १९७५ सालचं. वाशीमच्या एका अध्यापक विद्यालयात ती दुसऱ्या वर्षाला होती. किन्हीराजाच्या बौद्ध वस्तीतली, तिच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली पहिली मुलगी.

निबंधाचा विषय होता: ‘व्याख्यान पद्धती व चर्चा पद्धती यांची तुलना करून, कोणती पद्धत कोणत्या विद्यार्थ्यांना केव्हा उपयुक्त ठरते ते लिहा.’ तिनं आठ पानं लिहिली. व्याख्यानात मास्तर बोलतो, पोरं ऐकतात, आणि ऐकताना झोपतात. चर्चेत पोरं बोलतात, विचार करतात, चूक-बरोबर स्वतः शोधतात. विषयाच्या उत्तरार्धात जे विचारलं होतं, केव्हा आणि कोणाला, त्यावर तिनं एकच ओळ लिहिली: ‘चर्चा पद्धती सर्व विद्यार्थ्यांना सर्व काळी उपयुक्त आहे.’

सरांनी वीसपैकी सतरा दिले. त्या ओळीखाली काही लिहिलं नाही. जगदेव सर भला माणूस होता. चर्चा पद्धतीचे फायदे त्यांनी पिवळ्या पडलेल्या वहीतून दोन तास उतरवून दिले होते, आणि त्या दोन तासांत वर्गात कोणी तोंड उघडलं नव्हतं.

पोळा झाल्यावर सराव पाठांसाठी प्रशिक्षणार्थींना आठ-आठ दिवस खेड्यांवर पाठवलं. बेबीला मालेगावजवळचं एक छोटं गाव आलं. शाळा तीन खोल्यांची. त्या वर्षी गावात बऱ्याच जणांनी संकरित कापूस लावला होता. कापसावर अळी पडली होती, आणि पंप पाठीवर घेऊन माणसं रोज फवारत होती. हवेला औषधाचा उग्र वास असे.

तिसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गावर तिचा विज्ञानाचा पाठ होता, ‘पिकांवरची कीड आणि औषधे’. जगदेव सर मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसले होते. बेबीनं ठरवलं होतं की सांगायचं कमी, विचारायचं जास्त. ‘अळी कोणत्या पिकावर येते?’ पोरांना पाठ. ‘औषध कोण फवारते?’ तेही पाठ. वर्ग रंगला. एरवी गप्प बसणारी गंगू नावाची मुलगी उठून म्हणाली, “बाई, आमचे बाबा नाकाले फडकं बांधतात.”

मग बेबीनं पाठाच्या टाचणात लिहिलेला शेवटचा प्रश्न विचारला.

“हे औषध चुकून कोणाच्या पोटात गेलं नाई तं अंगावर सांडलं, तं काय करावं?”

अडतीस पोरांचे हात वर गेले. कोणी म्हणालं मिठाचं पाणी, कोणी कडुलिंबाचा पाला, कोणी तूप. बहुतेक जण म्हणाले दूध. तिनं सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली. चूक कोणती, बरोबर कोणती, हे तिनं सांगितलं नाही. ते पोरांनीच शोधायचं, असं तिनं निबंधात लिहिलं होतं. “तुमाले कोणतं बरोबर वाटते?” तिनं विचारलं. दुधासाठी एकतीस हात वर आले. तिनं ‘दूध’ या शब्दाभोवती खडूनं गोल काढला आणि घंटा झाली.

टाचणाच्या शेवटच्या रकान्यात तिनं लिहिलं: ‘निष्कर्ष विद्यार्थ्यांनी काढला.’ सरांनी खाली शेरा दिला: ‘उत्तम. सर्व विद्यार्थ्यांचा सहभाग.’ आणि सही केली.

खरं उत्तर तिला माहीत होतं का? पूर्ण नव्हतं. दवाखान्यात न्यावं एवढं माहीत होतं. तेसुद्धा तिनं सांगितलं नाही, कारण कोणी पोरानं ते सुचवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गंगू शाळेत आली नाही. दुपारची सुट्टी संपत आली तेव्हा ती धावत आली. पायात काही नव्हतं. व्हरांड्यात बेबीसमोर उभी राहून तिनं एका दमात सांगितलं,

“बाई, रंगूले दूध पाजलं. दोन पेले पाजलं. तरी ते झटके देऊन राह्यली.”

रंगू तिची चार वर्षांची बहीण. बेबीला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं. ती गंगूच्या मागे धावली.

घरात गोमतीबाई, गंगूची आई, रंगूला मांडीवर धरून बसली होती. पोरीची मूठ आवळलेली, डोळे वर गेलेले, तोंडाशी दुधाचा फेस. केसांना तोच वास येत होता, शेतातला.

“डोक्शाले काय लावलं?” बेबीनं विचारलं.

“ऊ झाल्या होत्या,” गोमतीबाई म्हणाली. “फवाऱ्याचं औषध लावलं. सारेच लावतात. तासाभरानं असं करू लागली. गंगू म्हने, शाळेत ठरलं, दूध पाजायचं.”

बेबी त्या वाक्यावर थांबली असती तर तिथंच बसून राहिली असती. पण पोरीनं पुन्हा झटका दिला. रंगूचा बाप लखीराम शेतातून धावत आला, त्यानं तिला खांद्यावर घेतलं, आणि सगळे सडकेवर गेले. वाशीमची एस.टी. मिळाली. गाडीत बेबीच्या हातात रंगूचा एक पाय होता. तो सारखा थरथरत होता. गंगू खिडकीपाशी बसली होती आणि कोणाकडेही पाहत नव्हती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, केस कापायला लावले, डोकं साबणानं पुन्हा पुन्हा धुवायला सांगितलं, अंगावरचे कपडे काढून टाकायला लावले. मग विचारलं,

“घरी काय दिलं?”

“दूध,” लखीराम म्हणाला.

“दूध, तूप, तेल, यातलं काही द्यायचं नसतं. हे औषध चरबीत विरघळतं. दुधातुपासोबत ते अंगात जास्तच भिनतं. आणि झटके येत असताना तोंडात काही ओतलं तर ते छातीत जातं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “कोणी सांगितलं दूध द्यायला?”

लखीरामनं गंगूकडे पाहिलं. गंगूनं बेबीकडे पाहिलं. बेबी म्हणाली, “मी.” मग म्हणाली, “म्हणजे, मी सांगितलं नाई. मी सांगायले पाह्यजे होतं ते सांगितलं नाई.”

डॉक्टरांना ते कळलं नसावं. ते दुसऱ्या खाटेकडे गेले.

बाहेर बाकावर गंगू बसली होती. बेबी तिच्याजवळ बसली.

“माह्यानं मरते का रंगू?” गंगूनं विचारलं.

“तुह्यी चूक नाई.”

“मीच पाजलं. आई नाई म्हने, मीच म्हनलं का बाईनं गोल काढला.”

बेबीनं फळ्यावरचा तो गोल आठवायचा नाही असं ठरवलं आणि तोच आठवत राहिली. एकतीस हात. पोरांनी घरी जे ऐकलं होतं तेच परत सांगितलं होतं, आणि तिनं त्याला शाळेचा शिक्का मारून दिला होता. ज्यांना माहीत नाही अशा अडतीस जणांनी मिळून चर्चा केली, म्हणून माहिती उगवत नाही, एवढी साधी गोष्ट आठ पानांत कुठेही नव्हती.

रंगू दोन दिवस शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, वाचली.

बेबी गावात परतली तेव्हा सराव पाठांचे दोनच दिवस उरले होते. तिनं हेडमास्तरांना विचारून तिन्ही खोल्यांतली पोरं व्हरांड्यात बसवली. त्या दिवशी तिनं एकही प्रश्न विचारला नाही. पंधरा मिनिटं सरळ सांगितलं. औषध अंगावर पडलं तर कपडे काढा, साबण-पाण्यानं धुवा. दूध देऊ नका, तूप देऊ नका, मीठ पाजून ओकारी काढू नका. लगेच दवाखान्यात न्या, आणि औषधाचा डबा सोबत न्या. त्या दिवशी फळ्यावर ‘दूध’भोवती जो गोल काढला, तो चुकीचा होता. चूक माझी होती. मग तेच पुन्हा सांगितलं, आणि पोरांकडून म्हणवून घेतलं.

मागे उभे असलेले जगदेव सर सगळं ऐकत होते. त्यांनी वही उघडली नाही.

पण संध्याकाळी उन्हं उतरल्यावर ती बायांना भेटायला गेली तेव्हा तिथे भाषण देऊन भागणार नाही हे तिला कळत होतं. डोक्याला औषध लावू नका, असं सांगितलं तर बाया हो म्हणतील आणि घरी जाऊन लावतील. आधी त्या का लावतात, हे समजायला हवं होतं. चौदा बाया जमल्या. बेबीनं विचारलं, तुमच्या घरी औषध कुठं ठेवता?

मग एक म्हातारी, गोजराबाई, म्हणाली, “माह्या घरी चुलीमागं. शिसीत.”

“डोक्शाले कोण कोण लावते?”

एक हात वर आला. मग दुसरा. मग एकेक करून अकरा. बेबीला दवाखान्यात बसला नव्हता तेवढा धक्का इथे बसला. रंगू एकटी नव्हती. अकरा घरांतल्या पोरी केवळ नशिबानं चालत्या-बोलत्या होत्या.

“रॉकेलनं डोक्शाची आग होते,” एकजण म्हणाली. “फणीनं एकेक ऊ काढाले सवड कोणाले हाय? सकाळी निंदाले जा लागते.” दुसरी म्हणाली की तिच्या पोरीलाही मागं एकदा झटके आले होते, तिला वाटलं बाहेरचं काही लागलं. हे ऐकून गोमतीबाई रडली. रंगूजवळ लखीरामला ठेवून ती आदल्याच दिवशी वाशीमहून आली होती. मग बायांमध्येच बोलणं वाढत गेलं. औषध घरात आणायचंच नाही, माणसांनी ते शेतात आडाजवळच्या पेटीत ठेवावं, असं एकीनं काढलं. आडात सांडलं तर, असं दुसरीनं विचारलं. मग बांधावर, कुलूप लावून, असं ठरलं. पोरींची डोकी रविवारी दोघी-तिघींनी मिळून फणीनं पाहायची हेही त्यांनीच ठरवलं. बेबीनं फक्त शेवटी, कोणी चुकीचं धरून बसू नये म्हणून, डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं.

वाशीमला परत आल्यावर तिनं सरांकडून निबंध मागून घेतला आणि ती एक ओळ खोडली. तिच्या जागी दोन पानं लिहिली. विषय नवा असेल, शिकणाऱ्याला पायाच नसेल, वेळ थोडा असेल, मोठ्या समूहाला एकच नेमकी माहिती द्यायची असेल, तेव्हा व्याख्यान. पण ते ऐकलं म्हणजे समजलं असं धरू नये, विचारून पाहावं. शिकणाऱ्यांकडे स्वतःचा अनुभव असेल, मतं आणि सवयी बदलायच्या असतील, गट लहान असेल, वेळ असेल, तेव्हा चर्चा. पण चर्चेच्या शेवटी चूक दुरुस्त करणं हे शिक्षकाचं काम, आणि जिथं चुकीनं जीव जाऊ शकतो तिथं मत मोजू नये.

जगदेव सरांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग आपली निरीक्षण वही काढून त्या दिवसाच्या पाठाचं पान तिच्यापुढे धरलं.

“‘उत्तम’ लिहिलंय मी,” ते म्हणाले. “मी मागं बसलो होतो बेबी. मला फळ्यावर ‘दूध’ दिसलं होतं. मलाही दूधच बरोबर वाटलं होतं.”

बेबीनं वही घेऊन मिटली आणि टेबलावर ठेवली.

पुढल्या आठवड्यात सरांनी दुसऱ्या वर्षाचा तास घेतला तेव्हा पिवळी वही आणली नाही. कोणती पद्धत वापरणार, याच्या आधी विद्यार्थ्यांना काय माहीत आहे आणि काय माहीत नाही ते टाचणात लिहा, असं त्यांनी सांगितलं. मग ते बराच वेळ थांबले, काही विचारायचं आहे का म्हणून. कोणालाच त्याची सवय नव्हती. शेवटी बेबीनंच हात वर केला.