सीमाचा फोटो आणि वाकडी पिन

पुंजारामभाऊंशी मी एकोणीस वर्षं भांडत आले आहे आणि त्यांच्यावाचून माझा एक दिवस गेलेला नाही. आमचा भिंगारमधला फोटो स्टुडिओ माझ्या नवऱ्यानं काढला, डार्करूम मात्र पहिल्यापासून पुंजारामभाऊंची. नवरा गेला. स्टुडिओ मी चालवते, डार्करूम तेच चालवतात, आणि मी सांगितलेलं ते कधीच एका दमात ऐकत नाहीत.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीच्या मुलानं, पंकजनं, पुण्याहून एक डिजिटल कॅमेरा आणून दिला. जुना होता, पण चालू. फिल्म नाही, रोल नाही. काडेपेटीएवढं एक चपटं कार्ड, त्यातच फोटो. ते कार्ड एका छोट्या डबीत, म्हणजे रीडरमध्ये घालायचं, की फोटो कॉम्प्युटरवर. पुंजारामभाऊ त्या कार्डाला हातही लावत नव्हते. "ह्याच्यात काय दिसत न्हाई, काय वास न्हाई. ह्ये काय फोटूचं काम हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

मे महिन्याच्या एका शुक्रवारी काकासाहेब म्हणून एक शेतकरी दुपारी दारात उभा राहिला. त्याची वस्ती भिंगारच्या पलीकडे, दोन मैलांवर. चप्पल पायात नव्हती. म्हणाला, "ताई, फोटू काढायचा हाय. पोरीचा. बिगीनं चला, लोकं थांबल्यात."

मी समजले. मातीआधीचे फोटो आमच्याकडे नेहमीच काढून मागतात. ज्यांचा जिवंतपणी एकही फोटो नसतो, त्यांचाच जास्त करून. सीमा आठ वर्षांची होती, दोन दिवसांच्या तापानं गेली. रोल संपलेला, म्हणून मी डिजिटल कॅमेरा घेतला आणि सहा फोटो काढले. तिची आई रंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. ती पोरीकडे पाहत नव्हती. कॅमेऱ्याकडे पाहत होती.

संध्याकाळी स्टुडिओत आले तेव्हा फार थकले होते. कॅमेऱ्यातून कार्ड काढून रीडरशेजारी ठेवलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर कार्ड रीडरमध्येच होतं. मीच घातलं असेल, असं धरून चालले. कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर पाटी आली: ड्राइव्हमध्ये डिस्क नाही, डिस्क घाला.

कार्ड बाहेर काढलं, परत घातलं. तीच पाटी. फुंकर मारली, जरा दाबलं. तीच पाटी. कार्ड माझ्या डोळ्यांसमोर त्या डबीत बसलेलं, आणि यंत्र म्हणतंय, इथं कुणी नाही.

आमच्या घरात भूतखेत, करणी, बाहेरचं असलं काही चालत नाही. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच देवघर आणि भुतं दोन्ही एकदमच घराबाहेर गेली, असं माझा नवरा हसत सांगायचा. तरी मी खरं सांगते, तिसऱ्यांदा ती पाटी आली तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली.

रविवारी रंगुबाई आली. एकटीच. बाहेरच्या बाकावर बसली. फोटो झाला का, असं तिनं विचारलं नाही. मीच म्हटलं, थोडं काम राहिलंय. ती म्हणाली, "व्हय." आणि बसून राहिली. उन्हाची तिरीप तिच्या पायांवर आली, गुडघ्यांवर आली, तोंडावर आली, पण बाई हलली नाही. जवळच्या लष्करी छावणीतला बिगुल वाजला तेव्हा उठून गेली.

सोमवारी पुन्हा आली. मंगळवारी पुन्हा. मंगळवारी मला राहवलं नाही. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "रंगुबाई, अशा उन्हात रोज चालत येऊ नका. मी निरोप धाडीन."

तिनं पाणी तसंच हातात धरलं. "ताई, मला तिचं तोंड आठवंना झालंय," ती म्हणाली. "शुक्रवारपासनं. फ्रॉक आठवतो, पायातलं पैंजन आठवतं, आवाज बी आठवतो. तोंडाच्या जागी काईच न्हाई. नुसतं सपाट. मला उद्याच्याला माज्या भावाकडं मिरजगावला न्यायला लागलेत. कदी परत यीन सांगता यत न्हाई. त्याच्या आदी फोटू बगू द्या."

आत जाऊन मी पुन्हा ते कार्ड रीडरमध्ये घातलं, या वेळी चांगला जोर लावून. डिस्क घाला. मागे पुंजारामभाऊ डार्करूमच्या पडद्याआड उभे होते. "पोरगी गेली, बाई," ते हळूच म्हणाले. "आता कशाला वडता तिला?"

"तुम्ही गप बसा," मी ओरडले. इतकी ओरडले की बाहेर रंगुबाईनं मान वर केली.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि पंकजला फोन लावला. तो पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. सगळं ऐकल्यावर त्याचा पहिला प्रश्न: "मावशी, किती वेळा घातलंस?"

"दहा-बारा वेळा."

"आता एकदाही घालू नकोस. दुसरं कार्ड असेल तर तेही नको. जोर तर अजिबात नको. आधी रीडरची वायर कॉम्प्युटरमधून काढ, मग बॅटरी घेऊन आत बघ. त्या खोबणीच्या तळाशी पिनांच्या दोन ओळी असतात, पंचवीस-पंचवीस. सगळ्या सरळ आणि सारख्या अंतरावर दिसायला पाहिजेत. कुठली वाकलीय, दबलीय, शेजारणीला चिकटलीय का बघ. हात लावू नकोस, नुसतं बघ. कोपऱ्यातल्या आधी बघ. दोन पिना फक्त कार्ड आलंय एवढं सांगायला असतात, एकीकडच्या टोकाला एक आणि दुसरीकडच्या टोकाला एक. त्यातली एक जरी लागली नाही, तर कार्ड पूर्ण आत असलं तरी रीडरला ते आल्याचं कळतच नाही."

"म्हणजे कार्ड मेलं नाही?"

"ते नंतर कळेल. नंतर कार्डाची भोकं बघ. एखादं बुजलंय, फाटलंय, तुटलेल्या पिनेचा तुकडा आत अडकलाय, असं असेल तर ते कॅमेऱ्यातही घालू नकोस, नाहीतर कॅमेऱ्याच्या पिनाही जातील. भोकं स्वच्छ असतील तर कॅमेऱ्यात अलगद घाल. अडलं तर थांब. आणि कॉम्प्युटर असो की कॅमेरा, फॉरमॅट करू का असं विचारलं, तर नाही म्हण. मरेस्तोवर नाही म्हण."

मरेस्तोवर हा शब्द त्या दिवशी मला नको होता.

परत आले, रीडरची वायर काढली. निगेटिव्ह बघायचं भिंग घेतलं, टॉर्च पेटवला आणि डोळा त्या खोबणीला लावला. आत बारीक सोनेरी पिनांच्या दोन ओळी होत्या, शाळेतल्या पोरांच्या रांगा असाव्यात तशा. वरच्या ओळीत अगदी टोकाची पिन तेवढी आडवी झाली होती, भिंतीला तोंड करून. तिच्या शेजारचीही जराशी कलली होती. बाकीच्या सगळ्या ताठ उभ्या.

वाईट वाटायच्या ऐवजी मला इतकं हायसं वाटलं की हसू आलं. पिन होती. नुसती पिन.

पण पिन आपली आपण वाकत नाही. कार्ड उलटं जाऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही कडांच्या खाचा मुद्दाम वेगवेगळ्या असतात. ते उलटं घालायचं तर अंगठ्यानं रेटावं लागतं. माझा रीडर स्वस्तातला, त्याच्या कडांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लेच्यापेच्या. मी डार्करूमच्या पडद्याकडे पाहिलं.

"पुंजारामभाऊ, शुक्रवारी कार्डाला तुम्ही हात लावलात?"

ते पडदा सारून बाहेर आले आणि स्टुलावर बसले. "मेलेल्या मानसाचा रोल म्या आदी उलटा धरतो, मंग सुलटा. पयल्यापासनं. तुमच्या मालकांला ठावं हुतं. मेल्यावर समदं उलटंच करत्यात का न्हाई? उलटं केलं म्हंजी त्याला कळतं, ह्यो रस्ता आपला न्हाई. तो मागारी फिरत न्हाई." त्यांचा आवाज बारीक झाला. "लहान पोर हुती, बाई. रस्ता चुकलं म्हनून केलं. कट्ट वाजलं, मंग म्या सुलटं घालून ठिवलं. तुमाला सांगाया भ्यालो."

तोवर या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता. आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली, कारण माणूस रडत होता. मी म्हटलं, "टॉर्च धरा."

कार्डाची पन्नास भोकं आम्ही भिंगाखाली एकेक करून पाहिली. स्वच्छ होती, एकही फाटलं नव्हतं. कॅमेऱ्यात नवे सेल घातले, कार्ड अलगद सरकवलं. अडलं नाही. मागची छोटी काच उजळली आणि सीमा दिसली. डोळे मिटलेले, कपाळावर कुंकू.

कार्डाला काही झालं नव्हतं. गेले चार दिवस ती त्यातच होती.

वाकलेली पिन सरळ करायच्या भानगडीत मी पडले नाही. सुईनं ती एकदा मोडली की गेली, आणि तिथं पुन्हा हे कार्ड घालायची माझी छाती नव्हती. कॅमेऱ्याबरोबर एक लांब वायर आली होती, कॉम्प्युटरच्या मागे लावायची. फार मंद म्हणून मी ती कधी वापरलीच नव्हती. आता लावली. एकेका फोटोला चार-चार मिनिटं. दोन वाजता लाइट जाणार होती आणि सव्वा वाजला होता. पुंजारामभाऊ घड्याळाकडे आणि मी कॉम्प्युटरकडे बघत, असे आम्ही बसलो. सहाच्या सहा आले.

लाइट जायच्या आत प्रिंट काढायला घेतली. प्रिंटर कागद तसू तसू बाहेर ढकलत होता. आधी विटकरी भिंत आली, मग केस, मग भांग, मग कपाळ. कोणीतरी पाण्यातून सावकाश डोकं वर काढावं तसं. मिटलेले डोळे आले तेव्हा पुंजारामभाऊंनी हात जोडले.

शाई वाळेपर्यंत थांबले आणि बाहेर जाऊन प्रिंट रंगुबाईच्या मांडीवर ठेवली. तिला न्यायला काकासाहेबही आला होता. त्यानं एकदा पाहिलं आणि तोंडात उपरणं कोंबलं.

रंगुबाईनं फोटो उन्हाकडे धरला, मग सावलीत घेतला. कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता हंबरडा फोडेल, आणि फोडावा असंही वाटत होतं.

"ताई, ही माजी न्हाई," ती म्हणाली.

"रंगुबाई, सीमाच आहे ती. मीच काढलाय."

"न्हाई. माजी अशी न्हाई दिसायची." तिच्या आवाजात काहीच नव्हतं, राग नाही, रडू नाही. काकासाहेब खाली वाकून म्हणाला, "आगं, आपलीच हाय. नीट बग की." तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मग तिनं पदराचं टोक घेतलं, फोटोवर बसलेली धूळ हलक्या हातानं पुसली, आणि तो छातीशी धरून उठली.

"ऱ्हाऊ द्या माज्यापाशी," ती म्हणाली. "कुनाची का आसंना. लहान हाय. हिची बी आई हुडकत आसंल."