शनिवार सोडून कधीही

केंद्रात सगळे तिला प्लास्टरताई म्हणत. कृत्रिम पाय बसवायचा म्हणजे आधी उरलेल्या पायाचा साचा घ्यावा लागतो, आणि त्या साच्याच्या खोलीची ती प्रमुख. गुरुवारी दुपारी तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि समोरच्या माणसाच्या गुडघ्याखाली ओली पट्टी गुंडाळायचं काम चाललं होतं. खिशातला फोन टिंग टिंग करत सुटला, पण तिने लक्ष दिलं नाही. पट्टी एकदा सुरू केली की मध्ये थांबता येत नाही, आपल्या वेगाने ती घट्ट होत जाते.

हात धुऊन पाहिलं तर संचालक सरांचा निरोप ग्रुपवर: 'नव्या इमारतीच्या नकाशावर चर्चा. शनिवारी सकाळी दहा वाजता जादा बैठक. आर्किटेक्ट मॅडम येतील. सर्वांनी हजर राहावे.' खाली अंगठ्यांची रांग लागलेली. बूट बनवणाऱ्या काकांचा अंगठा सगळ्यात वर.

शनिवार-रविवार केंद्राला सुट्टी, पण गेल्या महिन्यात दोन शनिवार तिने असेच 'हो सर, येते सर' करत घालवले होते. हा शनिवार तिने सासूबाईंना दिला होता. पासष्टी उलटल्यावर सासूबाईंना पोहायला शिकायची हौस वाटू लागली होती, आणि सुनेने पाण्यात सोबत उतरावं, ही त्यांची एकच अट. दोनदा कबूल करून नेलं नव्हतं.

पण नकाशाचं कामही तिच्या जिव्हाळ्याचं होतं. जुन्या खोलीत बेसिन चोंदण्याचा छळ तिने वर्षानुवर्षं सोसला होता. नव्या खोलीत तो नको, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? नाही म्हणायचं तर अंग काढून घेतल्यासारखं दिसणार, आणि हो म्हणायचं तर घरी कोणत्या तोंडाने जायचं?

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती फोन घेऊन बसली. लिहिलं, 'सर, माफ करा, खरंच खूप वाईट वाटतंय, पण काय आहे की...' पुढे अशी लांबण लागली की तिलाच वाचवेना. पुसलं. मग लिहिलं, 'शनिवारी जमणार नाही.' हे वाचून तिचा तिलाच राग आला. तेही पुसलं.

"एवढं काय त्यात?" नवरा कांदा चिरता चिरता म्हणाला. "आईला बरं नाही म्हणून कळव. विषय संपला."

आतल्या खोलीतून आवाज आला, "ए, मला उगाच आजारी पाडू नका हं! पोहायला निघालेय मी. सर तिथे भेटले तर पाण्यातच झोपून दाखवू का?"

तिघंही हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्याला बहाणा नकोच आहे. बहाणा केला की पुढच्या शनिवारी दुसरा शोधावा लागतो. काय करू शकत नाही ते एका ओळीत, आणि काय करू शकते ते नीट, एवढंच सांगायचं. तिने पदर खोचला आणि लिहिलं:

'सर, नकाशावर बसून बोलायची गरज आहेच, मलाही त्यात भाग घ्यायचा आहे. शनिवार मी आधीच दुसरीकडे दिलेला असल्याने येऊ शकणार नाही. सोमवारी दुपारी तीननंतर किंवा मंगळवारी सकाळी आठ वाजता, रुग्ण येण्याआधी, चालेल का? साच्याच्या खोलीचे माझे मुद्दे उद्या दुपारपर्यंत लिहून देते. त्यामुळे बैठक केव्हाही झाली तरी काम अडणार नाही.'

ग्रुपवर नाही, सरांना एकट्याला पाठवलं. चारचौघांत वाद नको होता.

शुक्रवारी सकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चेहरा गंभीर.

"बाकी सगळे येतायत. तुम्हालाच जड जातंय? घरी काही अडचण आहे का?"

पळवाट अगदी समोर उघडी होती. मान हलवली की सुटका. तिने हात मागे घेतले, एकमेकांत घट्ट धरले.

"नाही सर, अडचण काही नाही. शब्द दिलाय घरी, तो पाळायचाय. पण नकाशा माझ्यासाठी महत्त्वाचा नाही असं समजू नका."

"बुधवारी ठेकेदार काम सुरू करणार. आर्किटेक्टला शनिवारच सोयीचा आहे."

"म्हणूनच मंगळवार सकाळपर्यंतच्या वेळा दिल्या. एकदा त्यांना विचारून बघाल का? नाहीच जमलं तर शनिवारी बसा तुम्ही. माझा कागद काका मांडतील, त्यांच्याशी मी बोलून ठेवते. जे ठरेल ते मला मान्य. फक्त बेसिनचा निचरा सोमवारी माझ्याशी बोलल्याशिवाय पक्का करू नका."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बघतो," म्हणाले. त्या एका शब्दावरून काही कळायला मार्ग नव्हता.

ती बाहेर आली. माघार घ्यायची नाही, हे आतून पक्कं झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिने मुद्दे लिहिले: बेसिनखाली प्लास्टरचा गाळ बसायला वेगळी टाकी हवी, ती उघडून साफ करता आली पाहिजे, दार व्हीलचेअर वळेल इतकं रुंद, धरून चालायचा सराव करायच्या दांड्यांसमोर पूर्ण उंचीचा आरसा. कागद सरांच्या टेबलावर ठेवला, एक प्रत काकांना दिली.

काकांनी तो घडी करून खिशात घातला आणि हळूच म्हणाले, "तू बोललीस म्हणे. माझीसुद्धा नात येणार होती शनिवारी."

"मग अंगठा कशाला टाकलात?"

"सवय गं," काका ओशाळून म्हणाले. "फोन वाजला की अंगठाच उठतो."

"तुमचं तुम्ही सांगा काका. मी तुमच्या वतीने नाही बोलणार."

काकांनी हातातला चामड्याचा तुकडा खाली ठेवला. मग उठले आणि केबिनकडे गेले.

दिवस सरत आला तरी काही निरोप नव्हता. घरी निघायला तिने पर्स उचलली आणि सर दारात उभे.

"मॅडमशी बोललो. म्हणाल्या, 'तुमच्याकडे आठवडाभर रुग्णांची गर्दी असते, म्हणून मी शनिवार सुचवला.' आणि मला वाटत होतं, शनिवार त्यांना हवाय!" सर स्वतःशीच हसले. "मंगळवारी आठ वाजता. उशीर मात्र चालायचा नाही."

"नाही होणार सर."

शनिवारी सासूबाईंनी तलावाचा कठडा दोन्ही हातांनी असा धरला होता की शिकवणारीला एकेक बोट सोडवावं लागलं. सुटल्या तेव्हा त्या सुनेचा दंड धरून चक्क तरंगल्या, आणि दोन क्षण का होईना, ओरडायच्या विसरल्या.

मंगळवारी प्लास्टरताई आठच्या आधीच पोचली. आर्किटेक्ट मॅडमनी तिचा कागद आधीच वाचला होता. फक्त गाळाची टाकी त्यांनी नकाशात भिंतीआड झाकून टाकली होती, दिसायला बरी म्हणून.

"दिसायला बरी, पण साफ कशी करायची?" तिने विचारलं. "दर आठवड्याला उघडावी लागते ती. इथे समोर हवी, खाली वाकता येईल अशी."

"तिथे पसारा दिसेल," सर म्हणाले.

"दिसू दे सर. काम चालतंय ते दिसेल."

मॅडमनी पेन्सिल घेऊन टाकी बाहेर काढली. बाहेरच्या बाकावर पहिला रुग्ण कुबड्या टेकवून बसला होता. दाराच्या रुंदीवर काका अजून वाद घालत होते. तिने आपला मुद्दा नकाशावर उतरलाय याची पुन्हा एकदा खात्री केली, उठली, आणि बादलीत कोमट पाणी भरायला गेली.